परप्रांतीय पाहुण्यांसाठी लग्नविधींची पुस्तिका कशी करावी

माझ्या पुतणीचं लग्न पुण्यात झालं. नवरामुलगा केरळचा, नायर कुटुंबातला. त्यांच्याकडचे सुमारे सव्वाशे पाहुणे आले होते. नायरांचं लग्न फार आटोपशीर असतं. ताली म्हणजे त्यांचं मंगळसूत्र. ती बांधली, वधूला वस्त्र दिलं, हार घातले की झालं. आपले दोन-तीन तास चालणारे विधी त्यांना समजावेत म्हणून आम्ही आठ पानांची पुस्तिका छापली. ती करताना जे कळलं ते क्रमाने सांगते.

लिहायला बसण्याआधी गुरुजींकडे जा. ऋग्वेदी आणि यजुर्वेदी घरांत विधींचा क्रम बदलतो, शिवाय प्रत्येक घराची आपली रीत असते. दुसऱ्याच्या पुस्तिकेतला क्रम उचललात, तर पाहुणे पान तीन वाचत असताना मांडवात पान पाचवरचं चालू असेल. गुरुजींकडून विधींची नावं ओळीने लिहून घ्या आणि प्रत्येकाला अंदाजे किती मिनिटं लागतील ते विचारा. घड्याळाची वेळ फक्त मुहूर्ताची छापा, बाकीचं पुढेमागे होतंच.

मग पाहुण्यांकडच्या एखाद्या जाणत्या बाईंना विचारा, तुमच्याकडे लग्न लागलं असं कधी म्हणतात? आमच्या व्याह्यांच्या बहिणीने क्षणात सांगितलं, ताली बांधली की. आम्ही चपापलो. आपल्याकडे लग्न लागतं ते मंगलाष्टकांनंतर. मंगळसूत्र बांधलं जातं तेव्हा निम्मे लोक पंगतीला गेलेले असतात. म्हणजे त्यांच्या लेखी जो सगळ्यात मोठा क्षण, तोच त्यांचा चुकला असता. म्हणून पहिल्याच पानावर ठळक लिहिलं: ‘मंगळसूत्र कन्यादानानंतर बांधतात. ते पाहायचं असेल तर जेवायला त्यानंतर जा. पंगती उशिरापर्यंत चालू आहेत.’

आता मजकूर. प्रत्येक विधीसाठी तीनच गोष्टी लिहा: डोळ्यांना काय दिसेल, ते का करतात आणि पाहुण्यांनी काय करायचं. मंगलाष्टकांचा आमचा मजकूर असा होता:

‘वधूवर समोरासमोर उभे आहेत, मध्ये कापड धरलंय. त्याला अंतरपाट म्हणतात. अजून त्यांनी एकमेकांना पाहायचं नाही. प्रत्येक श्लोकाच्या शेवटी “सावधान” ऐकू येईल, तेव्हा हातातल्या थोड्या अक्षता वधूवरांच्या दिशेने हलकेच टाका. सगळ्या एकदम टाकू नका, श्लोक बरेच आहेत. शेवटी कापड दूर होईल, वाद्यं वाजतील आणि दोघं हार घालतील. तोवर उभे राहा.’

कन्यादानाने आम्हाला अडवलं. त्याचं इंग्रजी शब्दशः ‘मुलीचं दान’ असं झालं आणि पुतणीच म्हणाली, “काकू, हे वाचून त्यांना वाटेल मला देऊन टाकताय.” मग शब्दाचं भाषांतर सोडून कृती लिहिली. आईवडील हातांवरून पाण्याची धार सोडतात. धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलू नकोस, असं वडील सांगतात आणि नवरा ‘नातिचरामि’ म्हणजे ‘मी मर्यादा ओलांडणार नाही’ असं वचन देतो. हे तिलाही पटलं. विधीचं मराठी नाव तसंच ठेवा, खाली अर्थ द्या.

सप्तपदीला मात्र जागा द्या. तांदळाच्या सात राशींवरून वधू एकेक पाऊल टाकते: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवं सख्याचं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. ही एक ओळ वाचून बरेच पाहुणे होमापाशी थांबले. कानपिळीसाठी दोनच ओळी पुरल्या: वधूचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भांडण नाही.

भाषा पाहुण्यांच्या वयाप्रमाणे ठरवा. आम्ही डाव्या पानावर मल्याळम आणि उजव्या पानावर इंग्रजी घेतलं. मल्याळम मजकूर त्यांच्याच घरातल्या दोघांनी वाचून दिला. छपाईला पीडीएफ द्या आणि एक प्रत कागदावर काढून त्यांनाच दाखवा. आमच्या पहिल्या प्रतीत जोडाक्षरं फुटली होती आणि आम्हाला ती अक्षरं वाचता येत नसल्याने पत्ताही लागला नव्हता.

पानं चारच्या पटीत ठेवा. आठ पानं म्हणजे ए-फोरचे दोन कागद मधे दुमडून दोन पिना. कागद चकचकीत नको, मांडवातल्या दिव्यांखाली अक्षर दिसत नाही. अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नको. दोघांत एक प्रत पुरते, आम्ही सत्तर छापल्या.

वाटायच्या मात्र सकाळी नाश्त्याच्या टेबलावर. खुर्चीवर ठेवल्या तर एका हातात अक्षता, दुसऱ्यात फोन, वाचणार कधी? नाश्त्याला निवांत वाचतात, शेजारच्याला विचारतात. मंगळसूत्र बांधलं तेव्हा केरळच्या बायका मांडवाला वेढा घालून उभ्या होत्या.