मोटरचा पॉवर फॅक्टर घरच्या घरी कसा काढायचा

तासगावात आमच्या घरामागच्या विहिरीवर १ एचपीची सिंगल फेज मोटर आहे. क्लॅम्प मीटर लावला तर २२० व्होल्टला ६.५ अ‍ॅम्पियर दाखवतो, गुणाकार १४३०. भाऊ म्हणाला, आयला, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट ना, मग ही दुप्पट लाईट खाते की! तेवढी खात नाही, पण किती खाते ते मोजायला लागतं. खरे वॅट भागिले हा गुणाकार, तोच पॉवर फॅक्टर.

आधी व्होल्ट आणि अ‍ॅम्पियर घ्या. क्लॅम्प एकाच वायरीभोवती अडकवायचा, दोन्ही वायरी आत घेतल्या तर शून्य दाखवतो (मी घेतल्यात, हसू नका). मीटरवर येतो तो आकडा आरएमएस असतो, म्हणजे तेवढाच डीसी करंट दिला असता तर वायर जेवढी तापली असती तेवढीच आत्ता तापतेय. साधी सरासरी काढली तर शून्यच येईल, कारण करंट सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं होतो. साइन वेव्हचं शिखर आरएमएसच्या १.४१४ पट असतं, म्हणून २२० व्होल्टचं शिखर ३११ च्या आसपास.

आता खरे वॅट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त मोटर चालू ठेवा आणि वीज मीटरवरचा लाल दिवा बघा. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh छापलंय, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर १० लुकलुकी ११.२५ सेकंदात झाल्या, मग ३६०० × १० ÷ (३२०० × ११.२५) = १ किलोवॅट. मोटरवर लिहिलेले ७४६ हे शाफ्टवर मिळणारे वॅट, वरचे उष्णतेत जातात.

पॉवर फॅक्टर = १००० ÷ १४३० = ०.७. मोटरच्या गुंडाळीत करंट व्होल्टेजच्या मागं राहतो, त्यामुळं प्रत्येक सायकलमध्ये थोडा वेळ मोटर पॉवर उलटी लाईनकडं परत पाठवते, सरासरी काढली की ती वजा होऊन १००० उरतात. पण जा-ये करणारा करंट वायर तापवतोच.

तो कमी करायचा तर मोटरच्या सप्लायला पॅरलल कॅपॅसिटर लावायचा, मोटरचा स्वतःचा रनिंग कॅपॅसिटर आहे त्याला हात लावायचा नाही. आम्ही वायरमनकडून ४४० व्होल्टचा ४० मायक्रोफॅरडचा, डिस्चार्ज रेझिस्टर असलेला, स्टार्टरच्या पुढं मोटरच्या बाजूला बसवून घेतला, करंट ४.९ वर आला आणि पॉवर फॅक्टर ०.९२ च्या आसपास. लुकलुक मात्र जवळपास तेवढीच, म्हणजे घरगुती बिल कमी होणार असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, बिल वॅटचं येतं. फायदा लांब केबलला, तिथली उष्णता करंटच्या वर्गानं घटते, इथं जवळपास ४३ टक्के. कॅपॅसिटर वाढवत गेल्यावर अ‍ॅम्पियर परत चढायला लागले, तर जास्त झाला असं समजा.