पाट्या पडताना गोष्ट थांबू नये: श्रेयनामावली कशी बांधावी

माझ्या 22 मिनिटांच्या एका लघुपटात पहिल्यांदा नावं लावली तेव्हा 1 मिनिट 50 सेकंद नुसत्या काळ्या पडद्यावर पाट्या पडत होत्या. म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा. गोष्ट तालुक्याच्या अभिलेख कक्षात काम करणाऱ्या सुनंदाची: जुन्या दप्तरातलं एक पान गायब आहे, हे तिच्या लक्षात येतं. पाट्यांसाठी मी तंतुवाद्यांचं गंभीर संगीत आणि लालसर, कडा झिजलेली अक्षरं वापरली होती. संहिता न वाचलेल्या एका मित्राला फक्त पाट्यांपर्यंतचा भाग दाखवला आणि विचारलं, पुढे काय होईल? तो म्हणाला, “दप्तरातून भूत निघेल.” सिनेमात भूत नव्हतं. तेव्हा ती सुरुवात मोडून पुन्हा बांधली. ती कशी बांधली, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी पहिला प्रश्न शोधा

अक्षरं, रंग, संगीत यातलं काहीही ठरवण्याआधी संकलनाच्या टेबलावर कच्चा कट लावा आणि घड्याळ घेऊन बसा. प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न नेमका कोणत्या सेकंदाला उभा राहतो, ते लिहून ठेवा. आमच्या सिनेमात तो चाळिसाव्या सेकंदाला होता: सुनंदा रुमालाची गाठ सोडते, पानं उलटते, 37 नंतर थेट 39 येतं, आणि ती दाराकडे बघते. नावं सुरू करायची जागा ही. उत्तराची ओढ लागलेला प्रेक्षक पन्नास सेकंद नावं आनंदाने वाचतो. ओढ लागायच्या आधी त्याला वीस सेकंदही जड जातात.

यात एक अडचण असते. चित्रपटगृहात लागणाऱ्या सिनेमाला प्रमाणपत्राची पाटी सुरुवातीलाच दाखवावी लागते, तिला हात लावता येत नाही. पण ऋणनिर्देश, प्रायोजक, जागा देणाऱ्यांचे आभार या पाट्या सवयीने पुढे येऊन बसतात. कोणाला आधी शब्द दिला नसेल, तर त्या शेवटी न्या.

सेकंदांचा हिशोब कागदावर करा

पाटी किती वेळ ठेवायची, याचा माझा अंदाज असा: तिच्यावरचा मजकूर मनातल्या मनात शांतपणे दोनदा वाचून व्हायला हवा. काम आणि एक नाव असेल तर साधारण तीन सेकंद पुरतात. आम्ही नऊ पाट्या ठेवल्या, म्हणजे 27 सेकंद. सिनेमाच्या नावाला 5. एका दृश्यासाठी 4 सेकंद बिनअक्षरांची राखली. ते का, ते पुढे येईल. उरलेली 14 सेकंदं पाट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली. एकूण 50. ही मोकळी जागा कापू नका. पाटीला पाटी लागली की डोळा चित्र सोडून फक्त अक्षरं वाचत राहतो.

नावांखाली काय चालतं, काय नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘टच ऑफ ईव्हिल’ या 1958च्या सिनेमाची सुरुवात प्रसिद्ध आहे: गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा न तुटता त्या गाडीच्या आसपास फिरत राहतो. स्टुडिओने त्याच दृश्यावर नावं आणि संगीत चढवलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी तेव्हा लिहिलेल्या टिपणाच्या आधारे 1998मध्ये सिनेमाचं पुन्हा संकलन झालं आणि ती नावं काढली गेली. दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग बघा. नावं असताना डोळा वाचण्यात गुंततो आणि गाडी मधूनमधून निसटते. नसताना तुम्ही बॉम्बचीच वाट बघत राहता.

म्हणून नावांखालच्या दृश्यांचे दोन ढीग करा. एकात नुसता सूर लावणारी: आमच्याकडे गाठ बांधणारे हात, एसटीच्या खिडकीवरचं पाणी, रिकामा जिना. यांवर नाव खुशाल येऊ द्या. दुसऱ्यात माहिती देणारी: नोंदवहीत तेच दप्तर आधी कोणीतरी नेल्याची सही दिसते, ते दृश्य. राखलेली 4 सेकंदं याचीच. त्यावर एकही अक्षर नाही, आणि सिनेमाच्या सोळाव्या मिनिटाला ती सही परत येते. असं किमान एक दृश्य नामावलीत असू द्या. मग नामावली काढून टाकली तर गोष्टीत भोक पडेल, आणि ती तिथे का आहे हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

अक्षरं पडद्यावर कुठे ठेवायची, तेही दृश्यच ठरवतं. आधीचं दृश्य संपताना नजर जिथे असते, तिच्या जवळपास पुढचं नाव उमटू द्या. दर पाटीला जागा बदलली की डोळा दमतो.

देवनागरीची पथ्यं

इंग्रजी नामावलीतल्या युक्त्या जशाच्या तशा उचलल्या की आपली लिपी मोडते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की बहुतेक वेळा शिरोरेषा तुटते. नाव ऐसपैस दिसायला हवं असेल तर आकार लहान करा आणि भोवती जागा सोडा. एकेक अक्षर टंकल्यासारखं उमटवण्याचा परिणाम तर टाळाच. ‘दिग्दर्शक’ लिहिताना आधी ‘द’ येतो, मग वेलांटी त्याच्या मागे उडी मारते आणि शब्द थरथरल्यासारखा दिसतो. पूर्ण शब्द एकदम उजळू द्या.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं टेक्स्ट इंजिन चालू नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात. तपासणीसाठी ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ एवढे शब्द टाकून बघा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणंही पाहा, कारण अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं आपोआप येतात. आम्ही शेवटी तिरो देवनागरी मराठी घेतला. त्याची छापील पुस्तकी चण सरकारी कागदाजवळ जाते. रंग पिवळट पांढरा, हालचाल शून्य. त्या झिजलेल्या लाल अक्षरांनी जे भूत उभं केलं होतं, ते इथेच नाहीसं झालं.

आवाज

संगीताआधी दृश्यातलाच एखादा आवाज शोधा. आम्ही रबरी शिक्का आपटण्याचा घेतला: दर दोन-तीन पाट्यांमागे एक ठोका, मोजून न पडणारा. शेवटची पाटी पडद्यावर असतानाच, एक सेकंद आधी, पुढच्या दृश्यातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. त्यामुळे नावं कधी संपली, ते जाणवत नाही.

तपासणी

संहिता न वाचलेल्या तीन-चार जणांना नामावली संपेपर्यंतच दाखवा आणि थांबवा. ‘आवडलं का’ विचारू नका. कसला सिनेमा वाटतो आणि पुढे काय होईल, एवढंच विचारा. उत्तरं रहस्याकडे जात असतील तर सूर लागला. भुताकडे किंवा विनोदाकडे जात असतील तर आधी आवाज बदलून बघा, मग अक्षरं. नाव एकही आठवत नसेल तर पाट्या घाईच्या आहेत. नोंदवहीतली सही कोणालाच आठवत नसेल, तर त्या दृश्याच्या आधीची पाटी थोडी लवकर उतरवा.

मग तोच तुकडा मोबाइलवर आणि प्रोजेक्टरवर चालवा. मजकूर चारही कडांपासून दहावा हिस्सा आत असला म्हणजे कुठेही कापला जात नाही. शेवटी प्रत्येक पाटीचा फोटो त्या त्या माणसाला पाठवून नाव कसं लिहिलंय ते लेखी मंजूर करून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पहिल्या खेळाला, नाव असलेल्या माणसाच्या आईच्या शेजारी बसून कळण्यापेक्षा हे बरं.