ट्रायल संपली आणि १,१७८ रुपये ८२ पैसे कापले?

ठाण्यात कोपरीच्या एका काकूंनी ‘महिना फक्त ८३ रुपये’ बघून योगासनांच्या ॲपची सात दिवसांची ट्रायल घेतली. आठव्या दिवशी खात्यातून १,१७८.८२ रुपये गेले. काकूंना वाटलं, फसवणूक झाली.

आधी इनव्हॉइस उघडा आणि त्यातला कालावधी बघा. काकूंच्या बिलावर पूर्ण वर्ष होतं. म्हणजे प्लॅन ९९९ रुपयांचा वार्षिक. जाहिरातीत त्याला बाराने भागून दाखवला होता. वर १८ टक्के जीएसटी, १७९.८२ रुपये. कंपनी बंगळूरची असल्याने तो आयजीएसटी म्हणून एकाच ओळीत होता; महाराष्ट्रातली असती तर सीजीएसटी-एसजीएसटी असे दोन भाग दिसले असते. रक्कम तीच.

काकूंनी ॲप तिसऱ्याच दिवशी काढून टाकलं होतं, पण त्याने काहीच थांबत नाही. ट्रायल घेताना दिलेली यूपीआय ऑटोपेची परवानगी तशीच राहते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून ती रद्द करा. त्याने पुढची वसुली थांबते, गेलेले पैसे परत येत नाहीत. त्यासाठी इनव्हॉइस नंबर देऊन कंपनीकडे लगेच लेखी रिफंड मागा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. मेसेज तपासा, आलीच नसेल तर बँकेकडे तक्रार करताना तेही लिहा.