प्रिलिमचा पेपर घेऊन सरांकडे जाण्याआधीची तयारी

बारावी सायन्सच्या प्रिलिमचे पेपर वर्गात दाखवायला देतात आणि तास संपला की बऱ्याचदा परत घेतात, त्यामुळे पेपर हातात आला की आधी टोटल मार. फिजिक्सची थिअरी ७० मार्कांची, आतल्या पानांवरचे मार्क एका वेगळ्या कागदावर प्रश्नानुसार लिहून काढ आणि पहिल्या पानावरच्या टोटलशी ताडून बघ. उत्तरपत्रिकेवर मात्र पेन अजिबात टेकवू नकोस, एक रेघ जरी वाढली तरी नंतर केलंय असं वाटू शकतं. मग पुरवणी बघ, तिथलं एखादं उत्तर तपासायचंच राहून गेलेलं असतं, लाल पेनची खूणच नसते.

टोटल चुकणं आणि उत्तर तपासायचं राहणं, यात वादाला जागाच नाही, पान दाखवलं की काम होतं. स्टेपच्या मार्कांना मात्र नीट तयारी लागते. समज ३ मार्कांचं गणित आहे, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २०० व्होल्टवर चार्ज केला तर साठलेली ऊर्जा किती. तू ½CV² लिहिलंस, १०० × १०⁻⁶ पण बरोबर टाकलंस, पण घात मोजताना चुकून २ च्या जागी २० ज्यूल आलं आणि मिळाला शून्य. इथे तीन मार्क मागू नकोस, उत्तर चुकलंयच. सूत्राला आणि किमती टाकायला किती मार्क आहेत ते आधी मॉडेल आन्सरमध्ये बघून घे, तेवढेच माग. आणि एमसीक्यूमध्ये नुसतं अक्षर लिहिलं असशील तर जाऊच नकोस, बोर्डाच्या पेपरवरच सूचना असते की अक्षर आणि उत्तर दोन्ही पाहिजे.

सगळ्या वर्गासमोर नको, तासानंतर "सर, पेपरबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं, स्टाफरूममध्ये कधी येऊ?" एवढंच विचार. गेल्यावर पान उघडून "सर, उत्तर माझं चुकलंय, पण सूत्र आणि किमती बरोबर आहेत, स्टेपचे मार्क बसतात का बघता का?" असं म्हण आणि मग गप्प राहा, त्यांना वाचू दे. "त्याला दिले मला का नाही" हे नको, मित्राचा पेपर तर न्यायचाच नाही, उगाच त्याचे मार्क कापले जायचे. सर सगळा पेपर परत बघतील आणि एखादा मार्क कमीही होईल, हे धरूनच जा. नाही म्हणाले तर काय लिहिलं असतं म्हणजे मार्क मिळाले असते हे विचारून तिथेच लिहून घे, फेब्रुवारीच्या पेपरला तेच कामाला येतं.

बोर्डाच्या निकालात असं झालं तर मात्र सरांच्या हातात काही नसतं, तिथे ऑनलाइन अर्ज करून आधी छायाप्रत मागवायची, ती सरांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं आणि मगच पुनर्मूल्यांकनाला टाकायचं, त्याला छायाप्रत मिळाल्यापासून कामाचे ५ दिवसच असतात.