रिंगची कटिंग लेंथ: 1224 की 1290?

साइटवरच्या पहिल्याच महिन्यात बीबीएस, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता बनवायचं काम, माझ्या गळ्यात पडलं. बीम 230 × 450, कव्हर 25, रिंग 8 मिमीची. कव्हर रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, त्यामुळे रिंगची बाहेरची मापं 180 आणि 400, घेर 1160. पुढचं सूत्र पाठ होतं, त्यात d म्हणजे सळईचा व्यास: दोन हुकांचे 10d प्रमाणे 160 वाढवा, 90 अंशाच्या तीन वळणांना 2d आणि 135 अंशाच्या दोन वळणांना 3d प्रमाणे 96 वजा करा. उत्तर 1224. शीट फिटरच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटच्या इंजिनिअरनी एक रिंग उचलली आणि वळण संपतं तिथून टोकापर्यंत टेप लावला. सरळ शेपूट जेमतेम 34 मिमी भरली. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 13920:2016 प्रमाणे ती 6d, आणि किमान 65 हवी. (1993 च्या आवृत्तीत 10d, किमान 75 होती, बहुधा तिथलेच 10d आपल्या तोंडी बसलेत.) शेपूट आखूड राहिली, की भूकंपात कव्हर सुटल्यावर रिंग उघडण्याची भीती असते.

मग वाटलं, चुकलं कुठे? रात्री कागदावर वळण काढून पाहिलं. सळई जिच्याभोवती वाकवतात ती पिन 4d ची, म्हणजे 32 मिमी व्यासाची धरली तर 90 अंशाच्या कोपऱ्यात बाहेरून 24 आणि 24 असे 48 मोजले जातात, पण सळईच्या मध्यरेषेवर वक्र 31 चाच असतो. फरक सुमारे 17, म्हणजे 2d. ही वजावट अगदी बरोबर.

हुकाचं गणित मात्र उलटं निघालं. बाजूचं माप कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरलेलं असतं, त्यात वळणासाठी 24 मिळतात. 135 अंशाच्या वक्राला लागतात 47. म्हणजे शेपूट सुरू होण्याआधीच 23 जादा हवेत. मी 10d मधून 3d काढून 56 दिले होते. त्यातले 23 वक्राने खाल्ले, उरले 33. 3d ची वजावट तेव्हाच चालते, जेव्हा हुकाच्या मापात वळण आधीच धरलेलं असतं. 10d ही सरळ शेपूट समजून वर वजावटही केली, की घोळ.

तेव्हापासून 135 अंशाच्या हुकाला मी वजावट करतच नाही. तीन कोपऱ्यांचे 50 जातात, दोन हुकांच्या वक्रांचे 46 येतात, जवळपास फिट्टंफाट. म्हणून बाहेरचा घेर अधिक दोन शेपट्या: 1160 + 130 = 1290. पिन बारीक असेल तर आकडे थोडे हलतात, म्हणून आधी एकच रिंग वाकवून टेप लावतो, मगच बाकीच्या सळया कापायला सांगतो.

फिटरने लगेच विचारलं, "साहेब, सळई जास्त लागेल ना?" 12 मीटरच्या सळईत 1224 च्या नऊ रिंगा बसतात. 1290 च्याही नऊच.