दोन गावात राहणाऱ्या मित्रांनी को-ऑप गेम कसा निवडायचा

मी सांगलीत, मित्र पुण्यात, आठवड्यातनं कसाबसा पाऊण तास मिळतो आणि अर्धवट उठलं की खेळलेलं सगळं वाया. म्हणून आता गेम घ्यायच्या आधी एकच बघतो, सेव्ह कधी होतो.

1. दोन सेव्हमधलं अंतर वीस मिनिटांच्या आत पाहिजे. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधला एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, दोघांची पात्रं झोपली की सेव्ह, म्हणजे पाऊण तासात तीन दिवस आरामात होतात, चौथा सुरूच करायचा नाही.
2. दोन कॉपी परवडत नसतील तर इट टेक्स टू घ्या, फ्रेंड्स पासवर दुसऱ्याला फुकट खेळता येतं, फक्त डाउनलोड आदल्या रात्रीच लावून ठेवायला सांगा.

एक लक्षात ठेवा, स्टारड्यूतलं शेत होस्टच्या, म्हणजे गेम सुरू करणाऱ्याच्याच मशीनवर राहतं, त्यामुळं ज्याला जास्त वेळा जमतं त्यानंच होस्ट व्हायचं.