डॉलर तीन रुपयांनी हलला आणि नफा अर्धा झाला: निर्यातदार-आयातदारांनो, या चुका टाळा

लहान निर्यातदारांच्या फाइली पाहताना एक चूक मला वारंवार दिसते. डॉलर किती टक्के हलला हे सगळे बघतात, पण त्या हलण्याने आपल्या नफ्याचा किती भाग गेला हे कोणी मांडत नाही.

सोलापुरातला टॉवेलचा कारखानदार घ्या. त्याला ५०,००० डॉलरची ऑर्डर मिळाली आणि माल गेल्यावर ९० दिवसांनी पैसे येणार आहेत. भाव दिला त्या दिवशी डॉलर ८४ रुपये होता, म्हणजे येणे ४२ लाख. सूत, रंगाई, मजुरी, पॅकिंग, बंदरापर्यंतचं भाडं असा खर्च ३९ लाख, आणि नफा ३ लाख. पैसे जमा झाले त्या दिवशी रुपया वधारून डॉलर ८१ वर आला. हातात आले ४०,५०,००० आणि नफा उरला दीड लाख. दर फक्त साडेतीन टक्क्यांनी हलला, पण नफा निम्मा झाला. खर्चाला डॉलरच्या रकमेने भागलं तर ७८ येतात. त्या दराला नफा शून्य होतो. हा आकडा प्रत्येक ऑर्डरच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

“रुपया घसरतोच, मग काळजी कशाला?” हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास होता आणि वर्ष संपताना ४० च्या खाली होता. त्या वर्षी जुन्या दरावर भाव देऊन बसलेल्या कापड निर्यातदारांचे खूप हाल झाले. शिवाय रुपया घसरला की परदेशातला खरेदीदार पुढच्या ऑर्डरला सूट मागतो, आणि आयात केलेला रंग किंवा रसायनं महाग होतात. घसरणीचा सगळा फायदा आपल्या खिशात येत नाही.

आयातदाराचं गणित याच्या उलट चालतं. पुण्यातला व्यापारी ४०,००० डॉलरचे मशीनचे सुटे भाग मागवतो. ८४ च्या दराने ३३,६०,००० रुपये, ड्युटी ५ लाख, वाहतूक व इतर खर्च १ लाख. गिऱ्हाइकाला ४१ लाखांचा भाव आधीच कबूल केलेला, म्हणजे नफा १,४०,०००. पैसे भरायच्या दिवशी डॉलर ८७ झाला, तर नुसत्या बिलातच १,२०,००० वाढले. सीमाशुल्क खातं ड्युटीसाठी स्वतः जाहीर केलेला दर लावतं. माल येईपर्यंत तोही तेवढाच वाढलेला असेल तर ड्युटी आणखी अठरा हजारांनी वाढते, आणि हातात दोनेक हजार उरतात. मे २०१३ च्या सुरुवातीला ५४ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला होता. एवढी उडी चार महिन्यांत होऊ शकते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बँकेत फॉरवर्ड बुकिंग, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच ठरवून घेणं. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असले की पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग मिळतो. समजा ९० दिवसांचा दर ८४.४० मिळाला. टॉवेलवाल्याला ४२,२०,००० ठरले आणि नफा ३,२०,००० वर पक्का झाला. आयातदाराला मात्र हेच ४० पैसे जास्त मोजावे लागतात. ते त्याने भाव देतानाच धरायला हवेत.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. ऑर्डर पक्की होण्याआधी, किंवा खरेदीदार वेळेवर पैसे देतो की नाही हे न बघता, पूर्ण रकमेचं बुकिंग केलं जातं. टॉवेलवाल्याची ऑर्डर रद्द झाली आणि त्या दिवशी बाजारात डॉलर ८७ असला, तर ८४.४० ला विकायचे कबूल केलेले डॉलर ८७ ने विकत घेऊन करार मोडावा लागतो. डॉलरमागे २.६० रुपये, म्हणजे १,३०,००० रुपयांचा तोटा, तोही एक टॉवेल न विकता. म्हणून पक्क्या ऑर्डरचंच बुक करा, आणि खरेदीदार उशीर करणारा असेल तर काही भागच करा.

त्याच कारखानदाराने १५,००० डॉलरचा रंग आयात केला असेल, तर जोखीम ३५,००० डॉलरचीच उरते, अट एवढीच की येणं आणि देणं साधारण एकाच सुमारास असावं. निर्यातीचे डॉलर ईईएफसी खात्यात, म्हणजे डॉलर डॉलरमध्येच ठेवता येतात अशा बँक खात्यात ठेवून त्यातूनच रंगाचं बिल भागवता येतं. मात्र त्या खात्यातली शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते. तेव्हा तारखा आधी जुळवून बघा.

पैसे अपेक्षेपेक्षा कमी आले तर बाजाराला दोष देण्याआधी बँकेची ॲडव्हाइस, म्हणजे लावलेला दर आणि जमा रक्कम दाखवणारा कागद काढा. मोबाइलवर दिसतो तो दर आणि बँकेने आपले डॉलर विकत घेताना लावलेला टीटी बाइंग दर, यांत फरक असतो. तो २५ पैसे असेल तर ५०,००० डॉलरवर १२,५०० रुपये होतात. व्यवहाराची वेळ बघा, त्या वेळचा बाजारातला दर विचारा आणि हा फरक, म्हणजे बँकेचं मार्जिन, कमी करायला बँकेशी बोला.